2 स्टार की 3 स्टार फ्रिज?

ऐरोलीत राहतो, घरात चौघं. 240 लिटरचा डबल डोअर 2 स्टार घेऊ की 4 हजार जास्त देऊन 3 स्टार?

स्टार मोजू नका, लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते बघा. समजा एकावर 240 आहेत आणि दुसऱ्यावर 190, म्हणजे 50 युनिटचा फरक. आता महावितरणचं बिल काढा आणि तुमचे शेवटचे युनिट ज्या स्लॅबमध्ये पडतात त्याचा दर घ्या, वहन आकार धरून, कारण वाचणारे युनिट तिथलेच कमी होतात. 12 रुपये धरले तर वर्षाला 600, म्हणजे 4 हजार वसूल व्हायला पावणेसात वर्षं. फ्रिज दहा वर्षं वापरणार असाल तर घ्या, भाड्याच्या घरात दोन वर्षांनी शिफ्ट होणार असाल तर राहू द्या.

आणि "इन्व्हर्टर आहे, बिल निम्मं येईल" असं सेल्समन म्हणतो ते सोडा, कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू चालतो त्याची बचत त्या छापील युनिटमध्ये आधीच आलेली असते, परत वेगळी धरायची नाही. लेबलचं वर्षही बघा, नियम कडक झाले की जुना 3 स्टार नव्या लेबलवर 2 होतो. सिंगल डोअर स्वस्त पडतो खरा, पण बर्फ वितळवत बसायची तयारी हवी.