सुट्टीत काजूच्या कारखान्यात जाणार असशील तर

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

अकरावीची परीक्षा संपली की मे महिन्यात कुठल्यातरी कामाच्या ठिकाणी चार दिवस बसून बघायचंय, पण कुठे ते ठरत नाही, असं लिहिलंयस. दवाखाना, बँक, मासे उतरवायचा धक्का, आंब्याचं कॅनिंग, काजूचा कारखाना अशी यादीही दिलीस. माझं मत आधीच सांगतो. काजूचा कारखाना घे. मी तिथे सुपरवायझर होतो म्हणून मन तिकडे ओढतं, हे तू म्हणशीलच. पण कारणं वेगळी आहेत.

दवाखान्यात तुला बाकड्यावर बसवतील, कारण पेशंटसमोर परकं माणूस कोणालाच नको असतं, आणि ते बरोबरही आहे. बँकेत दिसेल फक्त माणसाची पाठ आणि स्क्रीन. धक्का भारी आहे, पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि मे अखेरीस सगळे बोटी वर काढायच्या गडबडीत असतात. तो दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेव. कॅनिंग मेमध्ये जोरात असतं, म्हणूनच तुझ्याशी बोलायला तिथे कोणाला वेळ नसतो. काजूच्या कारखान्यात मात्र बी एका दाराने आत येते आणि गर डब्यात भरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. मधला सगळा रस्ता पायी दहा मिनिटांचा. तीन दिवसांत एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता येईल, अशी जागा तुझ्या यादीत हीच.

आता विचारायचं कोणाला? मालकाला एकदम फोन करू नकोस. मार्च ते मे त्यांच्या सकाळी बी खरेदीत जातात, वजनकाटा आणि भाव यापलीकडे काही ऐकू येत नाही. दुपारी जेवणानंतर घरातलं एक मोठं माणूस घेऊन जा आणि आधी सुपरवायझरला भेट. मालक नाही म्हणतात ते तुला शिकवायचा कंटाळा म्हणून नाही. त्यांच्या डोक्यात दोन भीती असतात. एक, अल्पवयीन मुलगी कामाला लावली अशी उद्या तक्रार होईल. दुसरी, कोणीतरी फोटो काढून टाकेल. म्हणून कॉलेजचं पत्र घेऊन जा आणि त्यात स्पष्ट लिहून घे की विद्यार्थिनी फक्त निरीक्षण करील, काम करणार नाही, मोबदला घेणार नाही. तोंडी एवढंच बोल: ‘काका, तीन दिवस रोज दोन तास येईन. यंत्राला हात लावणार नाही, फोटो काढणार नाही, भाव आणि गिऱ्हाईक विचारणार नाही. उकडण्यापासून पॅकिंगपर्यंत बघायचंय.’ महिनाभर मागितलास तर नकारच येईल.

यंत्राला हात लावणार नाही, हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. टरफलातला चीक कातडी जाळतो, हे कच्च्या बिया फोडताना ओठ भाजून घेतलेल्या कोकणातल्या पोराला सांगायला नको. कटिंगला बसणाऱ्या बायका हाताला तेल लावून बसतात ते त्यासाठीच. तू अंगभर कपडे घाल, केस बांध, आणि तिथून निघताना हात धू.

पहिल्या दिवशी काही लिहू नकोस, नुसती फिर. वाळलेली बी वाफेवर उकडतात, मग पसरून बहुधा रात्रभर गार होऊ देतात, म्हणजे टरफल कडक होतं आणि नीट फुटतं. मग कटिंग. आत निघालेला गर ड्रायरमध्ये सुकवतात, म्हणजे वरची तांबडी साल सुटते. मग सोलणं, प्रतवारी, पॅकिंग. हे पाठ करायची गरज नाही, चालताना आपोआप बसेल.

दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न धर. ‘उद्योग कसा चालतो’ हा प्रश्न नव्हे, त्याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. माझा सल्ला: गर तुटतो कुठे? अख्खा गर, पाकळी, तुकडा आणि कणी यांच्या भावात मोठा फरक असतो, त्यामुळे कारखान्याचं पोट याच प्रश्नावर चालतं. सुपरवायझरला विचारून कटिंगच्या टेबलावरून निघालेले १०० गर एका ताटात मागून घे. समज, त्यात ७८ अख्खे आणि २२ तुटके निघाले. आता ते २२ उजेडात धरून बघ. पात्याने कापला असेल तर गरावर सरळ धारेची रेघ असते, नुसता दुभंगला असेल तर दोन गुळगुळीत पाकळ्या होतात. रेघवाले १७ असतील तर दोष कटिंगकडे. मग मागे जाऊन बघ, कापायच्या आधी बी आकारानुसार चाळली होती का? लहानमोठी बी एकत्र आली की एका मापाला लावलेलं पातं मोठ्या बीच्या गरात घुसतं.

हीच मोजणी सोलण्याच्या टेबलावर कर. तिथे तुकडे एकदम वाढले तर ड्रायरकडे बघायचं. जास्त सुकला की गर ठिसूळ होतो, कमी सुकला की साल चिकटून बसते आणि नखाने खरवडताना गर मोडतो. एका ताटावरून निकाल लावू नकोस. वेगवेगळ्या घाण्यांची ताटं मोज, आणि आकडा एका बाजूला झुकतोय का ते बघ.

यात एक गोष्ट सांभाळ. सोलणाऱ्या बायकांना बऱ्याच ठिकाणी किलोवर मजुरी मिळते. तू पाच मिनिटं बोलत उभी राहिलीस तर ती त्यांच्या पैशातली पाच मिनिटं. जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन त्यांच्यात बस. ड्रायर बिघडलाय हे त्यांच्या बोटांना मीटरच्या आधी कळतं, आणि विचारलं तर त्या हसत सांगतात.

तिसऱ्या दिवशी प्रतवारीच्या खोलीत थांब. W320, W240 असे शिक्के दिसतील. आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर. W320 मध्ये ३०० ते ३२०, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ६६ ते ७०. काटा मागून घे आणि मोजून बघ. आकडा जुळला नाही तर ओरडू नकोस, प्रतवारी करणाऱ्या बाईला हळूच दाखव. बहुतेकदा आपलीच मोजणी चुकलेली असते. तिथेच उतारा विचार. ८० किलोच्या पोत्यातून २० किलो गर आला, तर उतारा २५ टक्के. मग स्वतःच्या ताटांचे आकडे त्याच्या शेजारी मांड. उतारा चांगला आणि तरी अख्खे गर कमी, असं होऊ शकतं. का, ते तूच शोध.

परत जाताना मोजणीचा तक्ता स्वच्छ अक्षरात उतरवून सुपरवायझरला दे. आभाराच्या कार्डापेक्षा त्याला तो जास्त आवडेल, आणि त्याच्याशिवाय तो तक्ता कोणाला दाखवू नकोस.

कुठेच परवानगी मिळाली नाही तर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कॉलेजचं पत्र घेऊन जा. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. तिथे प्रश्न बदल: कारखान्यात गर तुटतो कुठे, आणि तिथे बी मोठी होते कशी. पत्र आधी मला दाखव, प्राचार्यांच्या सहीपूर्वी.

तुझे,
काका