लोगो कुठे आणि किती मापात लागणार ते लिहून फाइली मागा

प्रश्न: आमच्या लाकडी घाण्याच्या तेलाचा लोगो डिझायनरने करून दिला, पण आमच्या हातात फक्त व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आहे. आता लेबलवाला, वेबसाइटवाला आणि ॲप्रनवर भरतकाम करणारा, प्रत्येकजण वेगळीच फाइल मागतोय. डिझायनरला एकाच ईमेलमध्ये सगळं कसं मागू?

मी सोलापुरात युनिफॉर्मवरच्या एम्ब्रॉयडरीचं काम बघते. शाळा, हॉटेलं, दवाखाने, दुकानं, सगळ्यांचे लोगो आमच्याकडे येतात आणि त्यातले बरेचसे तुमच्यासारखेच व्हॉट्सॲपवरून आलेले असतात.

ईमेल लिहायला बसण्याआधी एका कागदावर लोगो कुठे लागणार, कशावर लागणार आणि तिथे तो किती रुंद असणार, एवढं लिहून काढा. नुसतं ‘सगळ्या फॉरमॅटमध्ये पाठवा’ म्हटलं की डिझायनर तेच एक चित्र पाच-सहा नावांनी सेव्ह करून पाठवतो. त्याची चूक नसते, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं. पण बाटलीचं लेबल, मोबाइलच्या पडद्यावरचा बारीकसा चौकोन आणि ॲप्रनची छाती यांना एकच चित्र पुरत नाही. काही ठिकाणी चित्र नव्याने सोपं करून काढावं लागतं, आणि ते काम डिझायनरच नीट करू शकतो.

मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं. मापं तुमची घाला.

> विषय: लोगोच्या मूळ फाइली – लेबल, वेबसाइट आणि ॲप्रनसाठी
>
> नमस्कार,
>
> तुम्ही केलेला लोगो आता छपाई, वेबसाइट आणि भरतकाम अशा तीन ठिकाणी वापरायचा आहे. माझ्याकडे फक्त व्हॉट्सॲपवरचा फोटो आहे, म्हणून खालच्या फाइली हव्या आहेत.
>
> छपाईसाठी: लोगो बाटलीच्या लेबलवर ४० मिमी रुंद आणि दुकानाच्या बोर्डवर ८ फूट रुंद लागेल. व्हेक्टर पीडीएफ आणि ज्यात काम केलं ती मूळ फाइल द्यावी. रंग सीएमवायकेमध्ये असावेत, सर्व अक्षरं कर्व्ह केलेली असावीत. खोक्यांवर एकाच शाईत छापायचं आहे, त्यासाठी फक्त काळ्या रंगातला, आणि गडद हिरव्या डब्यासाठी पांढरा लोगो वेगळा हवा. रंगांची सीएमवायके, आरजीबी आणि पँटोन मूल्यं ईमेलमध्येच लिहावीत.
>
> वेबसाइटसाठी: आडवा लोगो एसव्हीजीमध्ये आणि पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजीमध्ये. नाव वगळून नुसतं चिन्ह ५१२ × ५१२ पिक्सेलच्या चौकोनात. ते व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर गोल कापलं जाईल, त्यामुळे चारी बाजूंनी जागा सोडावी.
>
> भरतकामासाठी: ॲप्रनच्या छातीवर लोगो ८० मिमी रुंद येणार आहे. कृपया याची सोपी केलेली वेगळी आवृत्ती काढून द्यावी. टॅगलाइन नको, रंगछटा नकोत, जास्तीत जास्त तीन सपाट रंग. ८० मिमी रुंदीला कोणतीही रेघ आणि कोणतीही फट १ मिमीपेक्षा बारीक नसावी. फाइल व्हेक्टर पीडीएफ चालेल. मशीनची डीएसटी फाइल आम्ही पंचिंगवाल्याकडून करून घेऊ.
>
> यातलं काही आपल्या मूळ ठरलेल्या कामात धरलं नसेल, तर त्याचा खर्च आणि लागणारे दिवस कळवावेत. फाइली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता ड्राइव्हच्या लिंकने पाठवाव्यात.

आता यातल्या काही ओळी का आहेत ते सांगते, म्हणजे डिझायनरने उलटा प्रश्न विचारला तर अडणार नाही. व्हेक्टर म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघांनी बनलेलं चित्र, ते कितीही मोठं केलं तरी कड गुळगुळीत राहते. सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शायांतला रंग, आरजीबी म्हणजे पडद्यावरचा रंग आणि पँटोन म्हणजे ठरावीक नंबरचा रंग.

‘अक्षरं कर्व्ह केलेली’ ही ओळ मराठी लोगोसाठी तर सोडूच नका. आपल्याकडच्या छपाईच्या कामात जुने, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट अजून चालतात. तो फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसला की तुमच्या नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात. फॉन्टची फाइल मागून उपयोग नसतो, कारण तिचा परवाना डिझायनरच्या नावावर असतो आणि ती पुढे वाटायची त्याला मुभा असेलच असं नाही. कर्व्ह केलं की अक्षरांचा आकार बनतो आणि फॉन्टची गरजच उरत नाही. मात्र मग मजकूर टाइप करून बदलता येत नाही, म्हणून कर्व्ह न केलेली एक प्रत डिझायनरने स्वतःकडे ठेवावी.

लेबलवाला बहुतेक सीडीआर मागेल, कारण आपल्या भागातल्या प्रेस कोरलड्रॉवर चालतात. पण नव्या कोरलमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. नीट केलेली पीडीएफ दोन्हीकडे उघडते, म्हणून मी पीडीएफ आधी लिहिली. प्रेसवाल्याला सीडीआरच हवी असेल तर त्याच्याकडचं कोरल कोणतं आहे ते विचारून तो आकडा ईमेलमध्ये लिहा.

आणि काळा रंग. लेबलवरची बारीक काळी अक्षरं निव्वळ काळ्या शाईची असली पाहिजेत. आरजीबीतला काळा आपोआप सीएमवायकेमध्ये बदलला की तो चारही शायांचा होतो, आणि त्या एकमेकींवर बसताना केसभर जरी सरकल्या तरी अक्षरांच्या कडेला रंगीत सावली दिसते.

खरी गफलत होते ती भरतकामात, तिथे मी थोडी थांबते. तुमचा लोगो मी पाहिलेला नाही, म्हणून नेहमी येणाऱ्या धाटणीचा एक घेते: डावीकडे घाणा आणि तेलाचा थेंब, उजवीकडे नाव, खाली ‘लाकडी घाण्याचं शुद्ध तेल’. छातीवर पूर्ण रुंदी ८० मिमी. त्यातले २८ चिन्हाला गेले, २ मोकळे, मजकुराला ५० राहिले. टॅगलाइनमध्ये दहा अक्षरं आणि तीन मोकळ्या जागा, म्हणजे एका अक्षराला जेमतेम ४ मिमी. एवढ्या अक्षराची शिरोरेखा साधारण ०.४ मिमी भरते, आणि भरतकामाच्या नेहमीच्या ४० नंबरच्या धाग्याची जाडीही जवळपास तेवढीच. म्हणजे एका रेघेला एकच धागा. त्याचा टाका नीट बसत नाही, शिरोरेखा तुटकी दिसते आणि ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ नुसता गोळा होतो.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक शिरोरेखेतल्या छोट्या फटीवर आणि तिथल्या लहानशा वळणावर असतो. धागा कापडावर थोडा फुगतो आणि टाक्याची ओढ कापडाला आत खेचते, त्यामुळे बारीक फट मिटून जाते. आमच्या मशीनवर एकदा ‘भारतीय’चं ‘मारतीय’ झालं होतं. फाइलमध्ये अक्षर बरोबर होतं, पण फट अर्धा मिमी होती. तेव्हापासून फट एक मिमीची असल्याशिवाय मी काम घेत नाही. माझ्या अनुभवात काना-मात्रांसह मराठी अक्षर निदान ७ ते ८ मिमी उंच हवं, तरच ते हातभरावरून वाचता येतं. म्हणूनच टॅगलाइन काढायला सांगितली. नावही तेवढ्या उंचीला येत नसेल तर चिन्ह वर आणि नाव खाली अशी मांडणी मागा, म्हणजे नावाला पूर्ण ८० मिमी मिळतील.

थेंबावरची पिवळ्यातून सोनेरीत विरघळणारी छटा धाग्यात येत नाही. धागा एकाच रंगाचा असतो. त्या जागी एक गडद आणि एक फिका असे दोन सपाट तुकडे कसे पाडायचे हे डिझायनरने ठरवावं, नाहीतर ते मशीनवरचा माणूस ठरवतो.

डीएसटी फाइल डिझायनरकडे का मागायची नाही? ती चित्राची फाइल नाहीच. सुई कुठून कुठे जाईल आणि रंग बदलायला कुठे थांबेल, एवढंच तिच्यात असतं. रंग कोणता हेही नसतं. ती एका मापासाठी आणि एका कापडासाठी केलेली असते. छातीची फाइल ताणून पाठीवर मोठी केली तर टाके विरळ पडतात, लहान केली तर एकमेकांवर चढून धागा तुटतो. टोपीसाठी तर टाक्यांचा क्रमच वेगळा लावावा लागतो. हे काम पंचिंगवाल्याचं. त्याला कापड कोणतं ते सांगा आणि पँटोन नंबर द्या, म्हणजे तो शेडकार्डवरून धागा जुळवेल. पैसे देताना डीएसटीबरोबर त्याच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइलही घ्या, पुढे माप बदलायचं तर तीच लागते. आणि पहिला नमुना ॲप्रनच्याच कापडावर काढून घ्या.

फाइली आल्या की लगेच तपासा, महिन्याने नको. पीडीएफ उघडून जमेल तेवढी मोठी करा. अक्षराची कड गुळगुळीत राहिली तर ती व्हेक्टर. पायऱ्या किंवा चौकोन दिसले तर आत फोटोच चिकटवलेला आहे, नाव काहीही असो. एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडा. आत अशी ओळ सापडली तर तीही फसवी:

```
<image href="data:image/png;base64,...
```

खरी एसव्हीजी असेल तर `<path` दिसेल. पांढरा लोगो पांढऱ्या पडद्यावर दिसत नाही म्हणून फाइल रिकामी समजू नका, मागे गडद रंग ठेवून बघा. तो नुसता उलटा केलेला नाही ना तेही बघा, कारण चित्रात सावल्या किंवा चेहरा असेल तर उलटं केल्यावर तो फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो.

अजून एक ओळ ईमेलच्या शेवटी घाला असं मी सांगेन: लोगोचे हक्क लेखी तुमच्या नावावर करून द्यावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या डिझायनरने केलेल्या लोगोचा कॉपीराइट नुसते पैसे दिल्याने साधारणपणे तुमचा होत नाही, त्यासाठी सहीचं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

डिझायनरने ‘मूळ फाइल राहिली नाही’ असं कळवलं, तर फोटोवरून ऑटो ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेघा काढून देतो म्हणाला तरी घेऊ नका. त्यात शिरोरेखा लाटेसारखी होते आणि मात्रांची टोकं गोल पडतात. त्याच्याकडे तो फॉन्ट असेलच. नाव त्याच फॉन्टमध्ये पुन्हा लिहून आणि घाण्याचं चित्र हाताने पुन्हा काढून द्यायला सांगा. भरतकामाची सोपी आवृत्ती त्याला तशीही नव्याने काढायची आहे, ती त्याच बैठकीत होईल.