अंगाई आणि गप्पांनी बाळाची भाषा घडते का?

प्रश्न: बाळ दहा दिवसांचं आहे, त्याला काहीच कळत नाही. मग अंगाई गाऊन, बोलून पुढे भाषेला खरंच फायदा होतो का?

होतो, कारण अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी बाळ भाषेची लय आणि ध्वनी टिपू लागतं. आईचा आवाज तर ते पोटात असतानाच ऐकत असतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली दाखवलं, की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांची ही क्षमता ओसरते, कारण तो फरक त्यांच्या कानावर पडतच नाही. म्हणजे रोज जे ऐकू येतं, त्यालाच कान सरावतो. अंगाईत स्वर लांबतात, ओळी परत येतात, त्यामुळे ध्वनी सुटे ऐकू येतात. दुपटं बदलताना चाललेली साधी बडबडही तितकीच कामाची. बोलून जरा थांबा. बाळाने हुंकार दिला की उत्तर द्या.

मात्र मोबाइलवर अंगाई लावून ठेवणं हा पर्याय नव्हे. संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची बाळं परक्या भाषेतले ध्वनी समोरच्या माणसाकडून शिकली, रेकॉर्डिंगवरून नाही.