काळे राळे आणि थांबायची जागा

बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकांकिकेत तुझी वाक्यं तिसऱ्या रांगेपलीकडे कळली नाहीत, म्हणून तू रोज सकाळी 'काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' पन्नास वेळा, जमेल तितक्या वेगात म्हणतेस. दोन महिने झाले आणि फरक पडला नाही, तर आता हे सोडून द्यावं का, असं विचारतेस. सोडायचं आहे ते पन्नास वेळा आणि तो वेग. वाक्य सोडू नकोस, ते तुझ्यासाठीच आहे.

आपण इंदूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. मालवा मिलच्या बाजारात दिवसभर 'काली', 'थाली', 'नल' म्हणणारी जीभ संध्याकाळी तालमीत 'काळी', 'थाळी', 'नळ' म्हणायला नाखूश असते. खरं तर आपल्या खेड्यांतल्या माळवी बोलीत ळ अजून आहे. भाजी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी ऐक. शहरातल्या आपल्या तोंडून तो गेला.

माझा कसा गेला ते सांगतो. कॉलेजात मी हेच वाक्य एका श्वासात म्हणून टाळ्या घ्यायचो. वर्षभर तेच केलं. मग एका नाटकात गंभीर प्रसंग होता. मरता मरता वाचलेला माणूस म्हणतो, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' माझ्या तोंडून आलं, 'काल आला होता, पण वेल आली नव्हती.' प्रेक्षागृह हसलं. समोर माझ्याबरोबर काम करणारी मुलगी खरोखर रडत होती, तिचाही प्रसंग मी घालवला. ती चूक त्या रात्रीची नव्हती. वर्षभर रोज सकाळी मी ती घोटत होतो. वेगात म्हणताना प्रत्येक तिसरा ळ निसटत होता आणि टाळ्यांमध्ये मला ऐकू येत नव्हता. मला शिकवणारे गृहस्थ सांगत होते, 'चुकायच्या आधी थांब.' मी ऐकलं नाही. आज तुला तेच सांगतोय आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आधी आरसा घे. तोंड उघडून 'आला' म्हण, मग 'आळा' म्हण. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकतं. ळ म्हणताना तेच टोक मागे वळून टाळूला लागतं आणि पुढे आपटत खाली येतं. मोबाइलचा उजेड पाडलास तर ळ म्हणताना जिभेची खालची, निळ्या शिरांची बाजू क्षणभर दिसायला हवी. दिसली नाही तर तू ल म्हणते आहेस, कानाला काहीही वाटो. सुटा 'आळा' येईपर्यंत वाक्याला हात लावू नकोस. मुळात येत नसलेला उच्चार हे वाक्य शिकवत नाही, आलेला पक्का करतं. आणि टोक वर उचललंच जात नसेल, तर वाचा-उपचार करणाऱ्याला दाखव, माझ्याकडे येऊ नकोस.

आता वाक्य. मोबाइलमध्ये मेट्रोनोम लाव, मिनिटाला ६० ठोके. एका ठोक्याला एक तुकडा: का, ळे, रा, ळे, गो, रे, रा, ळे, रा, ळ्यात, रा, ळे, मि, सळ, ले. पंधरा तुकडे, म्हणजे पंधरा सेकंद. तुला हे रटाळ वाटेल, वाटू दे. पण सावकाश म्हणजे व्यंजन ताणणं नव्हे. र हा जिभेचा एकच टोला असतो, ताणलास तर थरथरायला लागतो. ळ ताणलास तर ते पुढे आपटणंच हरवतं. लांबवायचा तो स्वर: काऽ, ळेऽ, राऽ. दोन टोल्यांच्या मधली जागा मोठी करायची, टोला तेवढाच राहू द्यायचा.

या वाक्यात दोन खड्डे आहेत. पहिला 'गोरे'. 'काळे राळे' म्हणून जीभ ळेच्या लयीत गेलेली असते आणि बेसावध असलीस तर 'गोळे' येतं. सुटं 'गोरे' तुला नीट येतंच, म्हणजे ही चूक जिभेची नाही, क्रमाची आहे. तो शब्द एकटा शंभरदा म्हणून काही होणार नाही. 'राळे गोरे' आणि 'गोरे राळे' असे जोड म्हण.

दुसरा खड्डा खरा खोल आहे: 'मिसळले'. लिहिताना ळ आणि ल यांच्या मध्ये अ दिसतो, पण बोलताना तो उरत नाही. जीभ मागे वळलेली असतानाच तिला लगेच पुढे यायचं असतं. शंभरातले नव्वद जण इथे 'मिसल्ले' म्हणतात आणि त्यांना ते कळतही नाही. तू 'मिसळ' म्हण, खायची मिसळ मागतेस तशी, पूर्ण. थांब. मग 'ले'. सुरुवातीला मध्ये दोन ठोके मोकळे सोड, मग एक, मग एकही नाही. माझ्याकडे एका मुलाला या एका शब्दाला अकरा दिवस लागले. त्याची आई विचारायला आली होती की महिनाभर एकच वाक्य कसलं शिकवता. मी सांगितलं, हेच शिकवतो. ती त्याला घेऊन गेली. असे पुष्कळ जण गेले आणि लोक मला हट्टी म्हणतात. म्हणोत. जे राहिले त्यांचा ळ शेवटच्या रांगेत ऐकू येतो. मी घाई केली असती तर तोही गेला असता.

वेग कधी वाढवायचा? लागोपाठ पाच वेळा वाक्य स्वच्छ आलं तरच चार ठोके वाढव: ६४, मग ६८. एकदा घसरलीस की आठ ठोके खाली ये, त्याच जागी झगडत बसू नकोस. तिथे झगडणं म्हणजे चूकच घोटणं. आणि घसरायच्या आधी थांबता येतं, कारण खूण आधी दिसते. ळ जाण्यापूर्वी त्याच्या नंतरचा ए आखडतो, 'राळे'चं 'राळ्' व्हायला लागतं. ते ऐकलंस की तिथेच थांब, वाक्य पुरं करायचा मोह नको. दिवसाला दहा मिनिटं पुष्कळ झाली. त्यानंतर जीभ थकते आणि थकलेली जीभ चुका शिकते. सोडून द्यायचं का, असं परत विचारू नकोस. तू अजून सुरूच केलेलं नाहीस.

आणि एक. वाक्याचा शेवट गिळला जातो, असं तू लिहिलंस. तो या वाक्याने सुटणार नाही. तो श्वासाचा प्रश्न आहे, त्याचं नंतर पाहू. दोन्ही एकदम धरू नकोस.

रोजचं शेवटचं आवर्तन रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐक. म्हटल्या म्हटल्या ऐकलंस तर कान तुझीच बाजू घेतो. पुढच्या रविवारी संध्याकाळी रामबागेत घरी ये. सातही दिवसांची रेकॉर्डिंग घेऊन ये, सगळी ६० च्या ठोक्यावरची असली तरी चालतील.