दोन ग्रहांचे चार ईश

प्रश्न : नातवाच्या पत्रिकेखाली डिचोलीच्या भटजींनी लिहून दिलंय, ‘भाग्येश-कर्मेश नवमात, राजयोग. लग्नेश-धनेश युती, धनयोग.’ नवमात तर बुध आणि शुक्र दोघेच आहेत. मग हे चार ईश कुठून आले? आणि योग दोन की एकच?

भटजींनी बरोबर लिहिलं आहे. योगही दोनच आहेत, फक्त ते त्याच दोन ग्रहांवर उभे आहेत.

पत्रिकेतल्या प्रत्येक स्थानात एक रास येते. त्या राशीचा स्वामी तो त्या स्थानाचा ईश. स्थानाचं नाव घ्यायचं आणि पुढे ईश जोडायचा : लग्नेश, धनेश, सुखेश, भाग्येश, लाभेश. त्याच ग्रहाला स्थानाच्या क्रमांकावरूनही नाव मिळतं, म्हणून भाग्येश आणि नवमेश एकच, कर्मेश आणि दशमेशही एकच. स्थानं बारा आणि राशींचे स्वामी सात. रवी आणि चंद्र यांच्याकडे एकेक रास, उरलेल्या पाचांकडे दोन दोन. त्यामुळे एक ग्रह दोन पदव्या घेऊन बसतो.

आता तुमच्याकडचा कागद बघा. चौकटीत वरच्या मधल्या घरात ६ हा आकडा असणार. हा आकडा राशीचा असतो, स्थानाचा नाही, आणि घोटाळा बहुतेक इथेच होतो. जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास ते लग्न, आणि तेच पहिलं स्थान. सहावी रास कन्या, म्हणजे कन्या लग्न. तिथून डाव्या हाताला उतरत स्थानं मोजत जा. उजवीकडे खालच्या बाजूला जे नववं घर येतं, त्यात २ लिहिलेला दिसेल. ती वृषभ. भटजी ‘नवमात’ म्हणतात आणि कागदावर २ दिसतो, दोन्ही खरं आहे.

कन्या लग्नाला पहिलं स्थान कन्या आणि दहावं मिथुन, दोन्ही बुधाची. म्हणून बुध लग्नेश आणि कर्मेश. दुसरं स्थान तूळ आणि नववं वृषभ, दोन्ही शुक्राची. म्हणून शुक्र धनेश आणि भाग्येश. झाले चार ईश.

राजयोग शोधायची पाराशरी रीत अशी. पहिलं, चौथं, सातवं, दहावं ही केंद्रं, त्यांना विष्णुस्थानं म्हणतात. पाचवं आणि नववं ही त्रिकोणं, ती लक्ष्मीस्थानं. लग्न दोन्हीकडे धरतात. केंद्राचा स्वामी आणि त्रिकोणाचा स्वामी यांचा संबंध आला की राजयोग होतो. योग म्हणजे इथे जोडणी एवढंच, ध्यानधारणेतल्या राजयोगाशी त्याचं नातं नाही. सगळ्यांत वरचा मान नवमेश-दशमेश जोडीला, तिला धर्मकर्माधिपती योग असं वेगळं नावच आहे. तुमच्या नातवाच्या पत्रिकेत तीच जोडी आहे.

धनयोगाला दुसरी स्थानं लागतात : दुसरं, म्हणजे साठवलेल्या धनाचं, आणि अकरावं, म्हणजे येणाऱ्या लाभाचं. यांच्या स्वामींचा एकमेकांशी किंवा लग्नेश, पंचमेश, भाग्येश यांच्याशी संबंध आला की धनयोग. इथे धनेश शुक्र लग्नेश बुधाबरोबर बसला आहे. एकाच युतीकडे दोन पदव्यांतून पाहिलं म्हणून अधिकाराचा योगही दिसला आणि पैशाचाही. प्रत्येक लग्नाला असं जमत नाही, कन्येला जमतं.

संबंध म्हणजे मुख्यतः तीन प्रकार : एका राशीत युती, परस्परांवर दृष्टी, किंवा दोघांनी एकमेकांच्या राशीत जाऊन केलेलं परिवर्तन. बुध-शुक्रांची परस्पर दृष्टी होऊच शकत नाही. बुध रवीपासून अठ्ठावीस अंशांच्या पलीकडे जात नाही, शुक्र सत्तेचाळीसच्या आसपास थांबतो, तेव्हा दोघे समोरासमोर येणार कुठून? मात्र एकत्र ते वारंवार येतात. म्हणूनच कन्या लग्नाच्या पत्रिकेत बुध-शुक्र युती दिसली की लगेच ‘मोठा राजयोग’ म्हणणं मला पटत नाही. ती कुठल्या राशीत आहे ते बघायला हवं. कन्येत असली तर शुक्र नीच, मीनेत असली तर शुक्र उच्च पण बुध नीच. वृषभेत शुक्र स्वगृही आणि तेही भाग्यात. तुमच्याकडची युती चांगल्या जागी आहे.

यात एक पडताळा फुकट मिळतो. बुध वृषभेत असायला रवी मेष, वृषभ किंवा मिथुनेतच हवा. म्हणजे जन्म एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा. नातू डिसेंबरचा असेल तर पत्रिकाच चुकली आहे.

दुसरा पडताळा वेळेचा. समजा जन्म मेअखेरचा आणि इस्पितळाच्या चिठ्ठीवर नुसतं २.१५ लिहिलंय. दुपारचे असतील तर गोव्यात तेव्हा कन्या लग्न असतं. पहाटेचे असतील तर मीन. बारा तासांत बुध-शुक्र जेमतेम अंशभर सरकतात, बहुधा त्याच राशीत राहतात. पण मीन लग्नाला शुक्र तृतीयेश आणि अष्टमेश होतो, बुध सुखेश आणि सप्तमेश. त्रिकोणाचा स्वामी दोघांत कोणीच नाही, धनेश नाही, लाभेशही नाही. तेच ग्रह, तीच युती आणि योग एकही नाही. राजयोग ग्रहांचा नसून ईशांचा असतो तो असा. हीच मोजणी ‘आमची रास कन्या’ म्हणून चंद्रराशीवरून केली तरी गडबड होते. रास म्हणजे लग्न नव्हे.

वेळ पक्की असेल तर रवीचे अंश बघा. रवी वृषभेत पंधरा अंशांवर आणि शुक्र नऊवर असेल तर अंतर सहाच. शुक्र रवीच्या दहा अंशांत आला की अस्तंगत, म्हणजे रवीच्या तेजात झाकलेला, धरतात, वक्री असेल तर आठ. बुधाला हीच मर्यादा चौदा, वक्रीला बारा. शिवाय कन्या लग्नाला रवी व्ययेश, म्हणजे बाराव्या, खर्चाच्या स्थानाचा स्वामी आहे. तो इतका जवळ असेल तर योग मोडला असं मी म्हणणार नाही, पण फळ उणं सांगेन.

राहिली दशा, म्हणजे एकेका ग्रहाच्या अंमलाचा काळ. योग त्या दोन ग्रहांच्या दशेत फळतो असं शास्त्र मानतं. शुक्राची महादशा वीस वर्षांची, बुधाची सतरा. मुलाचं नक्षत्र भरणी, पूर्वा किंवा पूर्वाषाढा असेल तर जन्मतःच शुक्र सुरू असतो आणि विशीच्या आत संपतो. बुध त्यानंतर शहात्तर वर्षांनी येतो. तेव्हा ऐन कर्तेपणी दुसऱ्या ग्रहांच्या महादशांत येणाऱ्या या दोघांच्या छोट्या अंतर्दशांवरच भिस्त. उलट आश्लेषा, ज्येष्ठा, रेवती असेल तर आधी उरलेला बुध, मग सात वर्षांचा केतू, आणि फार तर चोविसाव्या वर्षी शुक्र लागतो, तो पुढची वीस वर्षं. भटजींना आता विचारायचंच असेल तर नातवाचं नक्षत्र कोणतं आणि शुक्राची दशा कितव्या वर्षी लागते, एवढं विचारा.