त्या यादीतला आकडा नेमका कुणाचा आहे ते आधी बघ

अगं, तुझा स्क्रीनशॉट रात्रीच पाहिला पण मोबाईलवर उत्तर लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून आता नीट बसून लिहितोय. तू खाली लिहिलं होतंस की "मला ८४ आहेत, बायोटेकचा कटऑफ ६१ आहे, सांख्यिकीचा ७०, म्हणजे दोन्ही आरामात मिळतात ना दादा?" आणि पुढे तीन नाचणारे इमोजी. ते इमोजी जरा थांबव, कारण त्या एका वाक्यात दोन गोंधळ आहेत. त्यातला एक तुझा आणि दुसरा ज्याने तो फोटो कापून ग्रुपवर टाकला त्याचा.

सगळ्यात आधी कटऑफ म्हणजे काय ते डोक्यात पक्कं कर. बहुतेकांना वाटतं विद्यापीठ आधीच ठरवतं की अमुक इतके गुण लागतील, मग तशी मुलं घेतात. उलटं आहे. आधी सगळे अर्ज गुणांनुसार लावले जातात, सीट भरत जातात, आणि शेवटची सीट ज्या मुलाला मिळाली त्याचे गुण म्हणजे कटऑफ. म्हणजे तो आकडा एका खऱ्या मुलाचा किंवा मुलीचा आहे, दारातून सगळ्यात शेवटी आत शिरलेल्याचा. म्हणून प्रत्येक आकड्याला विचारायचं, बाबा तू कुणाचा, कुठल्या वर्षीचा, कुठल्या फेरीत आत आलास, कुठल्या रांगेत उभा होतास आणि तुझे गुण कशातून मोजले होते? एवढी उत्तरं मिळाल्याशिवाय त्याच्या शेजारी आपले मार्क ठेवायचे नाहीत.

आता तुझा गोंधळ. तुझे ८४ हे बोर्डाचे टक्के आहेत. त्या यादीतल्या कॉलमचं नाव फोटोत अर्धंच आलंय पण मोठं करून बघ, "…कत्रित गुण" एवढं दिसतंय, म्हणजे "एकत्रित गुण". याचा अर्थ तिथे बोर्ड आणि एंट्रन्स मिसळून एक आकडा काढलाय, आणि तूच मागे सांगितलं होतंस की या विद्यापीठात दोन्हीला निम्मं निम्मं वजन आहे. मग तुझा हिशोब असा, ८४ चे निम्मे ४२. एंट्रन्सला २०० पैकी ११६, म्हणजे १०० पैकी ५८, त्याचे निम्मे २९. बेचाळीस अधिक एकोणतीस, ७१. या यादीसमोर तू ८४ वाली नाहीस, ७१ वाली आहेस. वाईट वाटून घेऊ नकोस, यादीतली बाकीची मुलंही याच गाळणीतून आलेली आहेत, त्यांचेही बोर्डाचे आकडे आधी मोठेच असणार. आणि हे वजन प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, बोर्डाला ४० आणि एंट्रन्सला ६० असं असतं तर तुझे ६८.४ झाले असते आणि पुढचं सगळं उत्तर बदललं असतं, म्हणून माहितीपत्रकात गुणदानाचं पान उघडून एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, तोंडी ऐकलेलं धरून चालू नको.

हेही लक्षात ठेव की काही याद्या गुण देतच नाहीत, रँक देतात. तिथे सगळं उलटं, आकडा जितका मोठा तितका कोर्स मिळायला सोपा. पर्सेंटाईलही असाच फसवा प्रकार आहे, ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हे, साधारण दर शंभरात नव्वद जण तुझ्या मागे आहेत एवढंच.

आता फोटो कापणाऱ्याचा गोंधळ. बायोटेकची ओळ परत बघ. डावीकडे "बायोटेक्नॉलॉजी" हे नाव एका मोठ्या चौकटीत मधोमध आहे, आणि त्याच्या उजवीकडे एक नाही, दोन ओळी आहेत, वरच्या ओळीत ७४.२५ आणि खालच्या ओळीत ६१.७५. नाव मधोमध असल्यामुळे नजर आपोआप कुठल्यातरी एका ओळीवर घसरते, आणि तुझी घसरली सोयीच्या ओळीवर (सगळ्यांची तिथेच घसरते). ओरिजिनल पीडीएफ मी काढून बघितली, त्यात नावाच्या लगेच पुढे "नियमित" आणि "स्वयंअर्थसहाय्यित" असा एक बारीक कॉलम आहे, तोच फोटोत उडालाय. म्हणजे ७४.२५ हा नियमित फीच्या सीटचा कटऑफ आणि ६१.७५ हा जास्त फीच्या सीटचा. कोर्स तोच, डिग्री तीच, पण फीचा फरक घरी बोलल्याशिवाय ठरवण्यासारखा नसतो. ७१ वर तुला दुसरी सीट मिळण्यासारखी आहे, पहिली अवघड. हे असं घोळाचं टेबल वाचायचं असेल तर एक गावठी उपाय सांगतो, पीडीएफ लॅपटॉपवर उघड, कागदाची कड स्क्रीनला आडवी लाव आणि ओळ शेवटपर्यंत त्या कडेवरून वाच. हसू नको, मी अजूनही तसंच करतो.

मी तसंच का करतो तेही सांगतो. माझ्या वेळी यादी नोटीस बोर्डावर लावलेली असायची, समोर ही गर्दी, मागून धक्के, त्यात मी माझ्या आवडत्या विषयाची ओळ वाचली, माझ्यापेक्षा दीड टक्का वर होती, आणि घरी येऊन दुसरीकडे पैसे भरून टाकले. दोन आठवड्यांनी कळलं की ती पहिल्या फेरीची यादी होती, तिसऱ्या फेरीत तोच विषय माझ्यापेक्षा खाली बंद झाला. यादीच्या डोक्यावर "फेरी १" लिहिलेलं होतं, मी वाचलंच नव्हतं.

तुझ्या फोटोतही डोकं कापलेलं आहे! वर फक्त तारखेचा शेपटाचा भाग दिसतोय. पीडीएफमध्ये बघितलं तर ती मागच्या वर्षीची शेवटची फेरी आहे, हे एका अर्थी बरं झालं, कारण पहिल्या फेरीत वरची मुलं चार ठिकाणी नाव अडकवून बसलेली असतात, ती हळूहळू सोडतात तसा कटऑफ बहुतेकदा खाली येतो. म्हणून "मिळेल का" या प्रश्नाला शेवटच्या फेरीचा आकडा लावायचा आणि "कधी मिळेल" याला आधीच्या फेऱ्यांचे. कधीकधी पुढच्या फेरीत कटऑफ वरही जातो, मधल्या काळात कुणीतरी जास्त गुणांचं नव्याने पसंती देऊन येतं किंवा सीट एका रांगेतून दुसऱ्या रांगेत वळवल्या जातात, त्यामुळे दर फेरीला खालीच येणार असं गृहीत धरून हातातली सीट सोडायची नाही.

रांगेचंही तेच. जनरल, राखीव, बाहेरचे विद्यार्थी, असे कॉलम वेगवेगळे आहेत आणि तुझ्या फोटोत फक्त पहिले दोन आलेत. तू जनरलमधून अर्ज करतेयस, तुझा कॉलम पहिला, बाकीच्यांकडे बघूच नको. कुठे आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ दिसली तर तो शून्य नाही, त्या रांगेत सीट नव्हती किंवा कुणाला दिली गेली नाही. आणि भूगर्भशास्त्रासमोर दोन्ही कॉलमला अगदी बरोब्बर ५०.०० आहे ते पाहिलंस का? ती किमान पात्रता आहे. असा गोल आकडा सगळीकडे दिसला की बहुधा समजायचं सीट भरल्याच नाहीत, जो पात्र होता त्याला मिळाली. म्हणजे तो विषय सोपा किंवा वाईट असं काही त्यातून निघत नाही, मागणी कमी होती एवढंच.

मग ७१ घेऊन कुठे पोचता येतं? एका वर्षाच्या आकड्यावर मी काही बोलत नाही, म्हणून मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेऱ्या शोधून काढल्या. सांख्यिकी ६८.१०, मग ७१.६०, मग ७०.२५. तीनपैकी दोन वर्षी तू आत असतीस, एका वर्षी बाहेर, म्हणजे तू दाराच्या चौकटीवर उभी आहेस. आरामात वगैरे नाही, पण अर्ज करायलाच हवा. नियमित बायोटेक ६९.५०, ७६, ७४.२५. बघ किती उड्या मारतंय, कारण तिथे सीट फक्त १५ आहेत, पाच हुशार पोरं कमीजास्त आली की शेवटच्या सीटचा आकडा कुठल्या कुठे जातो. सांख्यिकीला ६० आहेत, म्हणून तिथे हलतं पण एवढं नाही. छोट्या कोर्सच्या कटऑफवर म्हणूनच कमी विश्वास ठेवायचा, दोन्ही बाजूंनी. भौतिकशास्त्र ६२.४०, ६३.८०, ६३, जवळपास जागेवरच, आणि तू सात गुणांनी वर, ते तुझ्या खिशात असल्यासारखं धर. कॉम्प्युटर सायन्स ८१.५०, आधीची दोन वर्षंही ऐंशीच्या वरच, तिथे फॉर्मची एक ओळ खर्च करायची तर कर, मी अडवणार नाही.

या वर्षी एंट्रन्सचा पेपर अवघड गेला असं सगळेच म्हणतायत. तसं असेल तर सगळ्यांचेच एकत्रित गुण खाली येतील आणि कटऑफही, मग मागच्या वर्षीच्या ७०.२५ शी तुझ्या ७१ ची तुलना करणं म्हणजे तुझ्यावर थोडा अन्याय होईल. म्हणून मेरिट लिस्ट लागली की त्यात तुझा क्रमांक बघ आणि मागच्या वर्षीच्या मेरिट लिस्टमध्ये त्याच क्रमांकावरच्या मुलाला किती गुण होते ते काढ, ते गुण घेऊन मग कटऑफची यादी परत वाच. अर्जांची संख्या आणि सीट फार बदलल्या नसतील तर ही तुलना नुसत्या गुणांपेक्षा खूप खरी निघते.

पसंतीक्रम मात्र कटऑफ बघून लावू नको. तुला बायोटेक जास्त आवडत असेल तर तेच वर टाक, मग सांख्यिकी, मग भौतिक. गुणांनुसार वाटप असतं तिथे वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीतला तुझा नंबर मागे जात नाही. फक्त दोन गोष्टी नियमात शोध, पहिल्या पसंतीवाल्यांना आधी घ्यायचं असं काही आहे का, आणि पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते का. तसं असेल तर क्रम लावण्याआधी मला फोन कर.

अजून एक राहिलं, सांख्यिकीच्या ७०.२५ वर एक छोटी चांदणी आहे, तिची टीप पानाच्या तळाशी असणार आणि मी काढलेल्या पीडीएफमध्येही ते शेवटचं पान नव्हतं. बहुधा बरोबरीचे गुण असतील तर कुणाला आधी घ्यायचं त्याबद्दल असेल, एंट्रन्सचे गुण बघतात की बोर्डाचे. बोर्डाचे बघत असतील तर तुला फायदा आहे. ते पान मिळालं की पाठव, आणि या वेळी पूर्ण पान पाठव, कापू नको.

— दादा