एम का एल, ते चार्ट कशाचं माप देतोय त्यावर आहे

प्रश्न: "सरळ कटची कॉटन कुर्ती ऑनलाइन घ्यायचीय. मैत्रिणीने साइज चार्टचा स्क्रीनशॉट पाठवलाय, त्यात छाती एम ९७, एल १०२, एक्सएल १०७ अशी आहे. माझं माप सेमीमध्ये छाती ९४, कंबर ८०, हिप १०४. मग एमच ना? परत करायची सोय नाहीये."

उत्तर:

नाही, एवढ्यावरून एम मागवू नका. ९७ हे अंगाचं माप आहे का तयार कुर्तीचं, हे आधी कळलं पाहिजे, आणि स्क्रीनशॉट काढताना बहुतेक वेळा टेबलाच्या वरची तीच ओळ कापली जाते ज्यात हे लिहिलेलं असतं. अंगाचं असेल तर ९४ ला ९७ चालेल, कारण हाताला-पाठीला लागणारी ढील कंपनीने कापडात आधीच धरलेली असते. कुर्तीचं असेल तर तुमच्या अंगात आणि कापडात सगळी मिळून ३ सेमी जागा उरते, आणि न ताणणाऱ्या कॉटनमध्ये तेवढ्यात हात वर करून केस बांधता येत नाहीत.

मी इंदूरला घरीच ब्लाउज-कुर्त्या शिवते आणि रेडीमेडचं आल्टरेशन करते, त्यामुळे ही भानगड माझ्याकडे सारखी येते. पण उत्तर लिहायला बसले ते तुमच्या "मग एमच ना?" मुळे. चार्टमध्ये आपल्या मापापेक्षा मोठा जो पहिला आकडा दिसेल ती आपली साइज, हा नियम आमच्या घरात माझ्या जाऊबाईंचा आहे आणि त्यावरून आमचं जे वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

त्यांच्या मुलाची मुंज होती. आदल्या दिवशी मेंदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकाच रंगाच्या कुर्त्या घालायच्या असं ठरलं. मी म्हटलं शीतलामाता बाजारात जाऊ, घालून बघू, तिथल्या तिथे फिटिंग सांगता येईल. जाऊबाई म्हणाल्या आता त्या गर्दीत कोण जाणार, मोबाइलवर चांगल्या मिळतायत. फॅमिली ग्रुपवर चार्टचा स्क्रीनशॉट आला आणि प्रत्येकीने आपापलं माप टाकलं. जाऊबाईंची छाती ९७, हिप १०८. चार्टमध्ये एलला छाती १०२ आणि हिप ११०. दोन्ही आकडे त्यांच्या मापापेक्षा मोठे, म्हणून त्यांनी एल लिहून टाकलं.

मी तो फोटो मोठा करून बघितला तर त्याच टेबलात पुढे लांबी, शोल्डर आणि बाहीची लांबी असे कॉलम होते. अंगाच्या चार्टमध्ये कुर्तीची लांबी कुठून येईल? म्हणजे सगळे आकडे शिवलेल्या कुर्तीचे, हे तिथेच स्पष्ट होतं. दुसरी खूण कंबरेची. अंगाच्या चार्टमध्ये छाती आणि कंबर यांच्यात साधारण १५ ते २० सेमीचा फरक असतो, कारण बाईचं अंग तसं असतं. या टेबलात एलला छाती १०२ आणि कंबर ९५ होती, म्हणजे फक्त ७ चा फरक. सरळ कुर्तीच अशी असते. मी ग्रुपवर लिहिलं की वहिनी तुम्ही एक्सएल घ्या, एलमध्ये हिपला दोनच सेमी उरतायत, खाली बसता यायचं नाही.

त्यावर सगळ्यांसमोर उत्तर आलं, "मला एक्सएल? म्हणजे तू मला जाडी म्हणतेस." मी मापाबद्दल बोलत होते आणि त्यांनी ते अक्षरावर नेलं. ही गोष्ट मला तेव्हाही लागली आणि आत्ता लिहितानाही लागतीये, कारण समोर आलेल्या बाईच्या अंगाबद्दल मी कधी शब्द काढत नाही. मी टेप लावते, आकडा लिहिते, बस. एक्सएल हे त्या एका दुकानाने त्या एका कुर्तीला चिकटवलेलं अक्षर आहे. दुसरीकडे तेच कापड एल म्हणून येईल.

कुर्त्या आल्या. जाऊबाईंनी आरशासमोर उभं राहून घालून दाखवली आणि छान बसली. आणि इथेच फसगत होते हो, उभं राहून, हात खाली सोडून, कुठलीही कुर्ती बसते. खाली बसलं की हिपचं माप काही सेमीने वाढतं आणि हात पुढे केला की पाठीला कापड लागतं. मेंदीवाल्या मुलीसमोर सतरंजीवर त्या बसल्या तेव्हा ओटीपोटावर आडव्या चुण्या पडल्या आणि कुर्ती वर सरकायला लागली. ताणलेल्या आडव्या चुण्या म्हणजे त्या रेषेत कापड कमी पडतंय. मग दोन्ही हात मेंदीचे, टेकायला जागा नाही, त्या एका झटक्यात उठल्या आणि डावीकडचा साइड कट जिथे सुरू होतो तिथून शिवण टरकन गेली.

रात्री ती कुर्ती माझ्याकडे आली. उलटून बघितलं तर आत ओव्हरलॉक मारलेला आणि शिवणीच्या आत सोडलेलं कापड जेमतेम एक सेमीचं, म्हणजे उसवून मोठं करायला काहीच नाही. आम्ही घरी शिवतो तेव्हा आत दोन-अडीच सेमी तरी ठेवतो. बाजूच्या शिवणीत पुढचं आणि मागचं अशी दोन कापडं, अशा दोन शिवणी, प्रत्येक कापडातून एक सेमी सोडलं तरी घेर चार सेमीने वाढतो. रेडीमेडमध्ये ही सोय बहुतेक वेळा नसते, म्हणून लहान आली तर संपलं, मोठी आली तर आत घेता येते. शेवटी मी दोन्ही बाजूंचे कट पाच सेमी वर उसवले, कडा दुमडून शिवल्या आणि कटाच्या टोकाला आतून पट्टी लावली. हिप मोकळा झाला, पण कट इतका वर गेला की खाली सलवारचा नेफा दिसायला लागला.

जाऊबाई अजून म्हणतात की कुर्तीच हलकी होती, शिवण कच्ची होती. शिवण कच्ची नव्हती. मी स्वतः उसवलीये ती, दोरा चांगला होता. जिथे सहा-सात सेमी जागा हवी तिथे दोन सेमी असेल तर कुठलीही शिवण जाईल.

आता तुमचं. स्क्रीनशॉटमध्ये लांबी, शोल्डर, बाही दिसतंय का बघा. दिसत असेल तर ते कुर्तीचं माप आहे असं धरा. फक्त छाती-कंबर-हिप असेल आणि आकडे ९२ ते ९६ असे पट्ट्यात असतील तर बहुधा अंगाचं. आणि कुठे छातीला ४८, ५१ असे आकडे दिसले तर घाबरू नका, ते कुर्ती सपाट पसरून एका बाजूचं घेतलेलं असतं, दुप्पट करायचं.

कुर्तीचं निघालं तर एम सोडून द्या. एलला १०२ मधून ९४ गेले, ८ उरतात, आणि साध्या कॉटनला छातीत एवढं लूजिंग मला बरोबर वाटतं. पण तुमचा प्रश्न खरा हिपचा आहे आणि तुम्ही चार्टमधला हिपचा आकडाच दिलेला नाहीये. १०४ ला निदान ११० पाहिजे. एलला ११० असेल तर डोळे मिटून एल घ्या. १०७-१०८ असेल तर साइड कट कुठून सुरू होतो ते काढा: कुर्तीच्या लांबीतून कटाची लांबी वजा करायची. समजा लांबी ११२ आणि कट ५६, तर कट खांद्यापासून ५६ सेमीवर उघडतो. मग मानेजवळच्या खांद्यापासून समोरून टेप सोडून तुमचा हिप जिथे सगळ्यात भरलेला आहे तिथपर्यंत मोजा, मध्यम उंचीला ते ६० च्या आसपास येतं. कट त्याच्या वर उघडत असेल तर हिपला अडत नाही, एल चालेल. कट ६२-६४ सेमीवर असेल तर हिप बंद भागात आला, तिथे एक्सएल घ्या आणि छातीत-कंबरेत आत घ्यायला लावा. १०७ चं १०२ करायचं म्हणजे चारही कापडांतून सव्वा-सव्वा सेमी, कुठलाही टेलर करून देईल.

एक्सएल घेण्याआधी शोल्डरचा कॉलम मात्र बघाच. बाजू आत घेणं सोपं आहे, पण खांदा उतरला तर बाही पूर्ण उसवून मुंढा परत कापावा लागतो, त्यात कुर्तीच्या किमतीएवढी मजुरी जाते. शोल्डर तुमच्या खांद्यापेक्षा दोन सेमीहून जास्त मोठा असेल तर त्या कुर्तीचा नाद सोडा, ती तुमच्या अंगासाठी कापलेलीच नाही.

चार्ट अंगाचा निघाला तर छातीला एम ठीक आहे, फक्त हिपच्या कॉलममध्ये १०४ ज्या साइजला येतंय तीच घ्यायची, छातीवरून ठरवायचं नाही. सरळ कटमध्ये जे माप सगळ्यात मोठी साइज मागतं त्याचं ऐकायचं.

हे सगळं न ताणणाऱ्या कापडाचं आहे हं, लायक्रा असेल किंवा होजिअरी असेल तर तीन सेमीतही भागतं. ए-लाइन किंवा अनारकली असेल तर हिप विसरा, छाती आणि शोल्डरच बघा. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून दोन साइजमध्ये अडलात तर लहान घेऊ नका. आणि ९४ कशावरून मोजलंय? कुर्तीखाली जे घालणार तेच घालून मोजलेलं हवं, पॅडेड असेल तर आकडा बदलतो.

मैत्रिणीला सांगा की त्याच कुर्तीच्या पानावरचा चार्ट परत पाठव, वरच्या ओळीसकट आणि उजवीकडे सरकवून शेवटच्या कॉलमपर्यंत. पुष्कळ ठिकाणी सगळ्या मालाला एकच चार्ट लावलेला असतो आणि कुर्तीचं खरं माप खाली वर्णनात वेगळं लिहिलेलं असतं, तेही मागवा. हिप, शोल्डर, लांबी आणि कट एवढे चार आकडे इथे खाली टाका, मी बघून सांगते.